नुसती एक्सेल फाइल आली, सोबत एक ओळही नाही: काही विचारण्याआधीची वीस मिनिटं

एप्रिल २०२४ मध्ये एका गावच्या दूध संस्थेच्या सचिवांकडून मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली. नाव होतं `dudh march final 2.xlsx`. वर नमस्कार नाही, खाली प्रश्न नाही. डेटाचं काम नव्यानं करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला अशी फाइल येते, आणि हात आपोआप टाइप करायला लागतो, "यात नक्की काय बघायचंय?"

तो निरोप मी पाठवला नाही. अशा प्रश्नाला नेहमी एकच उत्तर येतं, "सगळंच बघा." पाठवणाऱ्याला प्रश्न ठाऊक असतो, पण तो त्याच्या भाषेत, त्याच्या भांडणासकट डोक्यात असतो. फाइलमध्ये काय आहे आणि काय नाही हे बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. आपण आधी फाइलची ओळख करून घेतली, म्हणजे कोणत्या रकान्यात काय आहे, कुठे रिकामं आहे आणि कुठे विचित्र आकडे आहेत हे पाहिलं, तर विचारायचे प्रश्न बदलतात. पाच मोघम प्रश्नांच्या जागी नेमके तीन उरतात आणि समोरच्याला त्यांची उत्तरं फोनवर देता येतात.

ही ओळख कशी करून घ्यायची ते त्याच फाइलवर दाखवते. गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत. सगळं काम साध्या एक्सेलमध्ये होतं. गूगल शीट्समध्येही हीच सूत्रं चालतात.

आधी मूळ फाइल बाजूला

फाइल आली की तिची प्रत करायची आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. फाइल `.csv` असेल तर तिच्यावर दोनदा क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेल उघडताना बऱ्याचदा न विचारता बदल करतं. `007` चा `7` होतो. सोळा आकडी खातं क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे पंधराच अंक नेमके धरून ठेवतं. तुम्ही ती नुसती सेव्ह केली तरी हा बदल कायमचा होतो. अशी फाइल 'डेटा' टॅबमधल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' मधून आत घ्या आणि सगळे रकाने टेक्स्ट म्हणून येऊ द्या.

प्रत उघडल्यावर दोन गोष्टी लगेच बघायच्या. खालच्या टॅबवर राइट क्लिक करून 'अनहाइड' चालू दिसतंय का? दिसत असेल तर लपवलेली शीट आहे. आणि डावीकडचे ओळींचे क्रमांक निळे दिसतात का? तसं असेल तर कुणीतरी फिल्टर लावून ठेवला आहे आणि तुम्हाला अर्धीच फाइल दिसते आहे. आमच्या फाइलमध्ये लपवलेली शीट होती. तिच्यात सभासदांचे बँक खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर होते. आपल्या कामाला ते लागत नव्हते, म्हणून मी प्रतीतून ती शीट काढून टाकली आणि ते नंतर सचिवांना सांगितलं. तुम्ही फाइल पुढे कुणा सहकाऱ्याला पाठवणार असाल, तर हे तपासल्याशिवाय पाठवू नका.

एक ओळ म्हणजे काय?

बाकी काहीही मोजण्याआधी याचं उत्तर हवं. आमच्या फाइलमध्ये वरच्या दोन ओळींत संस्थेचं नाव आणि महिना होता, तिसऱ्या ओळीत शीर्षकं होती आणि चौथीपासून नोंदी. रकाने दहा: तारीख, पाळी, सभासद क्रमांक, नाव, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक; फॅट आणि एसएनएफवर दर निघतो. म्हणजे एक ओळ म्हणजे एका सभासदानं एका पाळीला एका प्रकारच्या जनावराचं घातलेलं दूध. हे वाक्य असंच्या असं एका कागदावर लिहून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक पायरीला ते लागतं.

मग ओळी मोजायच्या. `Ctrl+End` दाबलं की वापरातल्या शेवटच्या घरात कर्सर जातो. आमचा २४२४ व्या ओळीत गेला, म्हणजे चौथीपासून धरून २४२१ ओळी. हा आकडा पटण्याजोगा आहे का, ते अंदाजानं बघायचं. एकतीस दिवस, रोजच्या दोन पाळ्या, म्हणजे ६२ पाळ्या. पाळीला सरासरी ३९ ओळी. चाळीसेक सभासदांच्या छोट्या संस्थेला हे बसतं.

ओळींची संख्या एखाद्या गोल आकड्यावर अडली असेल, बरोबर १००० किंवा ५०००, तर बहुतेक वेळा डाउनलोड मध्येच तुटलेलं असतं. ६५,५३६ हा आकडा तर पाठच करावा. जुन्या `.xls` प्रकारच्या शीटमध्ये तेवढ्याच ओळी मावतात. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडच्या तपासण्यांचे निकाल गोळा करताना याच मर्यादेमुळे पुढच्या ओळी गळून पडल्या आणि १५,८४१ रुग्णांची नोंद आठवडाभर मागे राहिली. संपर्कातल्या लोकांना कळवायचं कामही तेवढंच लांबलं. फाइल उघडत होती, नीटनेटकी दिसत होती. फक्त खालच्या ओळी नव्हत्या.

प्रत्येक रकान्याला सहा सूत्रं

आता नव्या शीटवर एकेका रकान्यासाठी ही सहा सूत्रं लावायची. इथे `G` म्हणजे फॅटचा रकाना.

```
=ROWS(G4:G2424)
=COUNT(G4:G2424)
=COUNTBLANK(G4:G2424)
=SUMPRODUCT(--ISTEXT(G4:G2424))
=MIN(G4:G2424)
=MAX(G4:G2424)
```

पहिलं सूत्र एकूण घरं मोजतं, दुसरं आकडे, तिसरं रिकामी घरं, चौथं मजकूर. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याची बेरीज पहिल्याइतकी आली पाहिजे. आली नाही तर रकान्यात `#N/A` सारख्या चुका किंवा रिकामा मजकूर परत करणारी सूत्रं आहेत.

फॅटच्या रकान्यात आलं: घरं २४२१, आकडे २४०९, रिकामी ३, मजकूर ९. लहानातली लहान फॅट ०.४, मोठ्यातली मोठी ४१.

या एका ओळीतच बरंच काही आहे. फॅटच्या रकान्यात मजकूर कसा? फिल्टरच्या यादीत खाली गेल्यावर दिसलं की सात घरांत `३.८` अशी देवनागरी अंकांतली नोंद होती आणि दोन घरांत `3..9` असे दोन टिंबांचे आकडे. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू राहिला की असं होतं. डोळ्यांना `३.८` आणि `3.8` सारखेच वाटतात, पण एक्सेल पहिल्याला मजकूर धरतं आणि बेरीज, सरासरी काढताना गुपचूप वगळतं. चूक दाखवत नाही, म्हणून मजकुराची मोजणी वेगळी करायची. रकाना मुद्दाम मध्यभागी आणलेला नसेल तर नुसत्या नजरेनंही ओळखता येतं: आकडे घराच्या उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डाव्या.

लिटरच्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा सात हजारांच्या वर होता. एका सभासदानं एका पाळीला सात हजार लिटर दूध घालणं शक्य नाही. ती ओळ शोधली तर नावाच्या रकान्यात 'एकूण' लिहिलेलं. दर दहा दिवसांच्या पगाराची बेरीज मध्येच ओळ म्हणून घातली होती, अशा तीन ओळी. फॅटची तीन रिकामी घरंही याच ओळींतली. त्या वगळल्या की खऱ्या नोंदी उरतात २४१८. हे लक्षात आलं नसतं तर महिन्याचं संकलन दुप्पट निघालं असतं.

शंका आली की ती वहीत लिहायची आणि पुढे जायचं. या टप्प्यावर काहीही दुरुस्त करायचं नाही. नवशिके इथेच अडकतात. पहिली चूक दिसली की ती सुधारत बसतात, मग दुसरी, आणि तासाभरानं मूळ काय होतं ते त्यांनाही सांगता येत नाही.

तारखांचा घोळ

तारखेच्या रकान्यात लहानातली लहान तारीख आली ३ जानेवारी २०२४, मोठ्यातली मोठी ३ डिसेंबर २०२४. फाइल मार्चची आणि मला ती एप्रिलमध्ये मिळाली होती. डिसेंबर अजून उजाडायचा होता.

मोजणीनं आणखी एक गोष्ट सांगितली: ९४१ घरांत तारखा होत्या आणि १४७७ घरांत मजकूर. मी दिवस, महिना वेगळे काढून बघितले. ज्या घरांत तारखा होत्या त्या सगळ्यांचा दिवस ३ होता: ३ जानेवारी, ३ फेब्रुवारी, ३ मार्च, असं थेट ३ डिसेंबरपर्यंत. आणि मजकूर होता तो सगळा `13/03/2024` ते `31/03/2024` या तारखांचा.

ही खूण एकदा ओळखीची झाली की आयुष्यभर उपयोगी पडते. संकलनाच्या अ‍ॅपमधून आलेली यादी अमेरिकी सेटिंग असलेल्या संगणकावर उघडली गेली होती. तिथे आधी महिना, मग दिवस. त्यामुळे `01/03/2024` म्हणजे एक मार्च ही तारीख तीन जानेवारी झाली, `12/03/2024` ही तीन डिसेंबर. तेरावा महिना नसतो, म्हणून तेरा तारखेपासून पुढचं एक्सेलला कळलंच नाही आणि ते मजकूर म्हणून राहिलं. घराचं फॉरमॅट बदलून हे सुटत नाही, कारण आतली किंमतच वेगळी झालेली असते. बाजूच्या नव्या रकान्यात असं सूत्र घालायचं:

```
=IF(ISNUMBER(A4),
  DATE(YEAR(A4),DAY(A4),MONTH(A4)),
  DATE(RIGHT(TRIM(A4),4),MID(TRIM(A4),4,2),LEFT(TRIM(A4),2)))
```

हे सूत्र फक्त वरची खूण पूर्ण जुळली तरच वापरा. दोन-तीन महिन्यांचा डेटा एकत्र असेल तर दिवसाच्या जागी एकच आकडा दिसणार नाही, त्या दोन-तीन महिन्यांचे क्रमांक दिसतील. आणि तारखा अर्ध्या हातानं, अर्ध्या अ‍ॅपमधून भरल्या असतील तर सरसकट उलटवल्यानं बरोबर असलेल्याही बिघडतील.

मूळ रकाना मी तसाच ठेवला. नवा रकाना नुसता पुढची तपासणी करता यावी म्हणून, कारण रिकाम्या जागा कोणत्या दिवशी आहेत हे बघायला तारीख लागतेच.

रिकामी घरं आणि भरलेली दिसणारी रिकामी घरं

या फाइलचं खरं रहस्य इथे होतं.

एसएनएफच्या रकान्यात २३४ घरं रिकामी होती. 'एकूण'च्या तीन ओळी वगळल्या तर २३१. दहा टक्क्यांच्या आतच आहेत, चालायचं, असं म्हणून इथे थांबता येतं. पण रिकामी घरं किती आहेत यापेक्षा ती कुठे आहेत हे जास्त बोलतं. महिनाभर विखुरलेली असतील तर लिहिणाऱ्याच्या विसराळूपणाकडे बोट जातं, एका जागी गोळा झाली असतील तर एखाद्या घटनेकडे. म्हणून पिव्होट टेबल घेतलं: फिल्टरमध्ये फक्त रिकामी एसएनएफ, ओळींत नवी तारीख, रकान्यांत पाळी आणि आत सभासद क्रमांकांची मोजणी.

२३१ पैकी २२९ घरं सलग सहा पाळ्यांत होती. १४ मार्चच्या संध्याकाळपासून १७ मार्चच्या सकाळपर्यंत, त्या पाळ्यांतली प्रत्येक नोंद. उरलेली दोन इकडेतिकडे.

फॅटच्या रकान्यात मात्र त्या सहा पाळ्यांत एकही घर रिकामं नव्हतं. हे मला खटकलं. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ बहुधा एकाच यंत्रावर एकाच नमुन्यात मोजतात. एक नाही तर दुसरं कुठून आलं? फॅटच्या रकान्यात कोणता आकडा किती वेळा आलाय ते मोजलं.

```
=COUNTIF(G4:G2424,3.4)
=COUNTIF(G4:G2424,3.5)
=COUNTIF(G4:G2424,3.6)
```

३.४ आली ९८ वेळा, ३.६ आली १०९ वेळा आणि ३.५ तब्बल २७१ वेळा. शेजारच्या दोन आकड्यांच्या मध्ये असा उंच सुळका नैसर्गिकपणे येत नाही. फिल्टर लावून त्या सहा पाळ्या बघितल्या तर गायीच्या दुधाच्या सगळ्या १६८ नोंदींत फॅट ३.५ आणि म्हशीच्या सगळ्या ६१ नोंदींत ६.०. दूध व्यवसायातल्या माणसाला हे आकडे सांगायला नकोत. गायीच्या दुधाचा दर जाहीर होतो तेव्हा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ असा पाया धरण्याची रीत आहे, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९ असा. म्हणजे त्या दिवसांत फॅट मोजलीच गेली नव्हती. पायाचा आकडा भरून काम चालवलं होतं. फॅटच्या रकान्यातही २२९ घरं रिकामीच होती, फक्त त्यांच्यावर आकडा बसवलेला होता.

`COUNTBLANK` हे कधीच सांगणार नाही. म्हणून प्रत्येक आकड्यांच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा आलेले पाच आकडे बघायचेच. अशी झाकलेली रिकामी घरं वेगवेगळ्या वेशांत येतात. सर्वेक्षणांत वयाच्या जागी `99` किंवा `999`, जन्मतारखेच्या जागी सगळ्यांची १ जानेवारी, मजकुरात `-`, `NA`, 'माहीत नाही', किंवा नुसती एक स्पेस. स्पेस असलेलं घर डोळ्यांना रिकामं दिसतं, पण `COUNTBLANK` त्याला भरलेलं मानतं. शून्याचंही तसंच. आमच्या लिटरच्या रकान्यात १७ शून्यं होती. त्या पाळीला सभासदानं दूध घातलं नाही म्हणून शून्य, की घातलं पण लिहायचं राहिलं? त्या ओळींत रक्कमही शून्य असल्यामुळे पहिली शक्यता जास्त वाटते. तरी वहीत नोंद केली.

विचित्र आकडे: गटागटानं बघा

फॅट ४१ कशी? असल्या तीन नोंदी होत्या: ४१, ३८, ३६. दशांश टिंब राहिलंय हे उघड वाटतं, पण उघड वाटणाऱ्यालाही पुरावा असेल तर बघावा. तो दराच्या रकान्यात मिळाला. फॅट ४१ लिहिलेल्या ओळीतला दर हा ४.१ फॅट आणि तेवढीच एसएनएफ असलेल्या दुसऱ्या ओळींशी पैशापर्यंत जुळत होता. तिन्हींचं तसंच निघालं. म्हणजे दर बरोबर फॅटवर निघाला होता आणि चूक नंतर फाइलमध्ये शिरली होती. सभासदाच्या पैशाला धक्का नव्हता. ०.४ फॅटच्या नोंदीचा दर मात्र कशाशीच जुळेना. ती ४.० असेल असा तर्क करता येतो, पण मी तो केला नाही. तो प्रश्न सचिवांचा.

सबंध रकान्याची किमान-कमाल किंमत काही विचित्रपणा लपवूनही ठेवते. फॅट ७.२ हा आकडा या रकान्यात अगदी सामान्य आहे, कारण म्हशीच्या दुधाला तेवढी लागतेच. पण जनावराप्रमाणे गट पाडले तेव्हा 'गाय' लिहिलेल्या पाच नोंदींत ७ च्या वर फॅट दिसली, आणि पाचही एकाच सभासदाच्या. बहुतेक म्हैस लिहायचं राहून गाय पडलं असावं. हे बघायला आधी जनावराचा रकाना शिस्तीत असायला हवा, आणि तो नव्हता. `=UNIQUE(E4:E2424)` लावल्यावर गाय, म्हैस यांच्याबरोबर म्हेस, Cow आणि शेवटी स्पेस असलेली गाय अशी पिलावळ निघाली. तुमच्या एक्सेलमध्ये `UNIQUE` नसेल तर पिव्होटमध्ये रकाना टाकूनही हेच मिळतं.

नावांचं तर विचारूच नका. फाइलमध्ये अठ्ठावन्न वेगवेगळी नावं होती आणि सभासद बेचाळीस. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. देवनागरीत आणखी एक अडचण अशी की जोडाक्षरांत न दिसणारी चिन्हं शिरतात, मग दोन नावं पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात पण एक्सेल त्यांना वेगळी मानतं. `LEN` लावलं की अक्षरसंख्येतला फरक कळतो. माणूस ओळखायला नाव न वापरता सभासद क्रमांक वापरा.

तो क्रमांकही तपासून. आमच्याकडे चव्वेचाळीस क्रमांक निघाले, कारण `007` आणि `7` वेगळे पडले होते आणि एका ठिकाणी `19` च्या मागे स्पेस होती. इथे `COUNTIF` वर विसंबू नका. ते `007` आणि `7` यांना एकच समजतं आणि लांबलचक खाते क्रमांकांचे पहिले पंधरा अंक जुळले की तेही सारखेच धरतं. नेमकी जुळणी हवी असेल तर `=SUMPRODUCT(--(C$4:C$2424=C4))` वापरा.

दुबार नोंदी

'एक ओळ म्हणजे काय' हे लिहून ठेवलेलं वाक्य इथे कामाला येतं. तारीख, पाळी, सभासद क्रमांक आणि जनावर जोडून एक चावी बनवायची आणि ती किती वेळा येते ते मोजायचं. जनावर गाळून मोजलं असतं तर गाय आणि म्हैस दोन्ही पाळणाऱ्या सभासदांच्या शेकडो नोंदी उगाच दुबार ठरल्या असत्या. चारही धरल्यावर सहा जोड्या राहिल्या. त्यांतल्या चार २५ मार्चच्या सकाळच्या, लिटरपासून रकमेपर्यंत तंतोतंत सारख्या, म्हणजे बहुधा दोनदा चढलेल्या. उरलेल्या दोन जोड्यांत लिटर वेगळे होते. एकाच पाळीला दोन किटल्यांतून दूध आलं तर असं होऊ शकतं. तंतोतंत सारख्या दिसल्या तरी त्या चार मी काढल्या नाहीत. कारण त्या पगारात धरल्या गेल्यात का हे फाइलमधून कळत नाही.

शेवटी लिटर गुणिले दर बरोबर रक्कम येते का ते `=ROUND(F4*I4,2)-J4` नं पाहिलं. काही पैशांच्या फरकापलीकडे काही निघालं नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवला नाही.

मग काय लिहायचं

वहीत आता पंधराएक नोंदी होत्या. सगळ्या पाठवल्या असत्या तर सचिवांनी वाचल्या नसत्या. सकाळ-संध्याकाळ संकलन, मधल्या वेळात पशुखाद्य आणि हिशेब, असा त्यांचा दिवस असतो. म्हणून आधी फाइल काय आहे ते दोन ओळींत, मग मी काय समजून चालते ते, आणि शेवटी त्यांनाच देता येतील अशी उत्तरं असलेले तीन प्रश्न. निरोप असा होता:

> नमस्कार भाऊ, फाइल मिळाली. मार्चच्या ६२ पाळ्यांच्या २४१८ नोंदी, ४२ सभासद. 'एकूण'च्या तीन ओळी वेगळ्या धरल्या आहेत. १ ते १२ तारखांचे दिवस-महिने उलटे झाले होते, ते माझ्या प्रतीत सरळ केले. मूळ फाइल तशीच आहे. बँक खात्यांची लपलेली शीट मी माझ्याकडून काढली.
>
> तीन गोष्टी विचारायच्या आहेत:
> १. १४ च्या संध्याकाळपासून १७ च्या सकाळपर्यंत एसएनएफ नाही आणि फॅट सगळ्यांची ३.५ किंवा ६.० आहे. मशीन बंद होतं का? पगार याच फॅटवर निघाला का?
> २. २५ च्या सकाळच्या चार नोंदी दोनदा आहेत. पगारात एकदा धरल्या की दोनदा?
> ३. एका सभासदाच्या गायीची फॅट पाच वेळा ७ च्या वर आहे. ती म्हैस आहे का?

०.४ फॅट, सतरा शून्यं, नावांचे फरक हे मी मागे ठेवलं. त्यानं कोणाच्या पगारात मोठा फरक पडत नव्हता आणि नंतर एका फोनमध्ये विचारता येण्यासारखं होतं. प्रश्नांचा क्रमही पैशाच्या वजनावर लावला.

त्यांचा फोन अर्ध्या तासात आला. "ताई, मशीन बंद पडलं होतं. कंपनीचा माणूस यायला तीन दिवस गेले. मग सरसकट पायाची फॅट धरली." थोडं थांबून म्हणाले, "म्हशीवाले तेच म्हणतायत. दुसऱ्या दहा दिवसांचा पगार कमी आला म्हणून भांडतायत. मला तेच बघायचं होतं, पण कसं विचारावं कळेना, म्हणून फाइल पाठवून दिली."

दुसरे दहा दिवस म्हणजे ११ ते २० मार्च. बंद मशीनच्या सहाही पाळ्या त्यातच होत्या. ज्यांच्या म्हशीची फॅट एरवी ७ च्या पुढे लागते त्यांना त्या पाळ्यांत ६.० चा दर मिळाला होता.

इथे या तपासणीची मर्यादाही सांगायला हवी. त्या सहा पाळ्यांची खरी फॅट फाइलमध्ये नाही आणि कोणत्याही सूत्रानं ती परत येणार नाही. सभासदाची आधीच्या आणि नंतरच्या पाच दिवसांची सरासरी धरून फरक किती पडतो एवढं काढता येतं, आणि ते मी सभासदवार काढून दिलं, प्रत्येक आकड्यापुढे 'अंदाज' असं लिहून. कोणाला किती द्यायचं हे ठरवणं संचालक मंडळाचं काम होतं. मंडळाच्या बैठकीसाठी सचिवांनी त्या यादीबरोबर पिव्होटचं ते एक पानही छापून मागितलं, ज्यात सहा पाळ्यांची रिकामी घरं एका खाली एक दिसत होती.